मध्यम कारागिराचं पत्र: खोटं कौतुक नको आणि गळाही कापू नका

कॅम्पातल्या कुठल्याही खोलीत जा आणि चार जणांच्या फायली उघडा. जुन्या कंपनीच्या अनुभवपत्रात तीच तीन वाक्यं सापडतील. अमुक माणूस अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत आमच्याकडे होता. तो प्रामाणिक आणि मेहनती आहे. त्याच्या पुढच्या वाटचालीला शुभेच्छा. खाली गोल शिक्का आणि एचआरची सही, आणि ती सही करणाऱ्याने त्या माणसाला जन्मात काम करताना पाहिलेलं नसतं.

गँगमधल्या उस्तादाला हे पत्र, त्याच्या हाताखालच्या बेताच्या माणसाला हेच पत्र आणि महिन्यातून सहा दिवस गायब असणाऱ्यालाही हेच पत्र. म्हणून पुढच्या कंपनीचा फोरमन त्याच्याकडे बघतच नाही. तो कागद बाजूला सरकवतो आणि म्हणतो, थापी उचल आणि दोन टाइल लावून दाखव.

यात उस्तादाचं काही अडत नाही. त्याचा हातच त्याचं पत्र असतो. कामचुकाराचंही अडत नाही, कारण त्याची पोल पहिल्याच आठवड्यात उघडी पडते आणि त्यालाही ते ठाऊक असतं. मार बसतो तो मधल्याला. वेळेवर येणारा, सांगितलेलं नीट करणारा, पण ज्याच्याबद्दल कोणी ‘वा!’ म्हणणार नाही असा माणूस. आपल्या गँगा अशाच माणसांवर चालतात, आणि आपण जवळजवळ सगळे त्यांच्यातलेच आहोत, उगाच छाती फुगवण्यात अर्थ नाही. तासभराच्या चाचणीत अशा माणसाचे हात थरथरतात, कारण वेगाने काम दाखवणं हे त्याचं बलस्थानच नाही. त्याचं बलस्थान असतं सहा वर्षं न चुकता सकाळी बसमध्ये बसणं. ते तासाभराच्या चाचणीत दिसत नाही, ते फक्त पत्रात येऊ शकतं. आणि पत्रात आपण लिहितो काय, तर ‘मेहनती’.

माझं भांडण एचआरशी कमी आणि आपल्याच फोरमन-चार्जहँड मंडळींशी जास्त आहे. पत्राचा मजकूर बहुतेक वेळा आपल्याकडूनच जातो. एचआरचा पोरगा व्हॉट्सअॅपवर विचारतो, ‘याचं काय लिहू?’ आणि आपण एक तर ‘लिही काहीतरी चांगलं’ म्हणतो, नाही तर जुना राग काढून ‘अॅव्हरेज होता’ म्हणतो. दोन्ही उत्तरं दहा सेकंदांत देता येतात. खरं उत्तर द्यायला वीस मिनिटं बसावं लागतं, तेवढाच फरक.

एक प्रकरण उदाहरणाला घेतो. शारजातलं, सहा वर्षांपूर्वी टाइल मेसनच्या गँगमध्ये हेल्पर म्हणून आलेला आपल्याकडचा माणूस. दोन वर्षांत स्वतः टाइल लावायला लागला. प्रकल्प संपला, करार पुढे वाढवला नाही, हिसाब झाला. त्याच्या फोरमनने एचआरला जो मजकूर दिला तो असा होता:

‘हा मध्यम दर्जाचा मेसन आहे. काम सावकाश करतो. देखरेखीची गरज लागते. एकदा उशिरा आल्याबद्दल ताकीद दिली होती. वागणूक समाधानकारक.’

यातलं एकही वाक्य खोटं नाही. आणि तरी हे पत्र अन्यायाचं आहे, आणि एका बाजूने बेकायदाही आहे. कसं ते बघू.

आधी कायदा, कारण तिथे मोठा गोंधळ आहे. यूएईचा २०२१ चा ३३ क्रमांकाचा कामगार कायदा, जो २ फेब्रुवारी २०२२ पासून लागू आहे, त्याच्या १३व्या कलमात मालकाची कर्तव्यं दिली आहेत. करार संपल्यावर कामगाराने मागितलं तर मालकाने अनुभवपत्र द्यायचं, एकही दिरहम न घेता. त्यात कामावर आल्याची तारीख, सोडल्याची तारीख, एकूण सेवा, हुद्दा किंवा प्रत्यक्ष केलेल्या कामाचा प्रकार, शेवटचा पगार आणि करार संपण्याचं कारण, एवढं असलं पाहिजे. आणि पुढे स्पष्ट म्हटलं आहे की कामगाराची बदनामी होईल किंवा त्याला पुढे काम मिळण्याची संधी कमी होईल असं काही त्यात नसावं. सौदीत असाच दाखला ६४व्या कलमाखाली विनामूल्य मिळतो. तिथेही कामगाराच्या नावाला बट्टा लागेल किंवा त्याच्या कामाच्या संधी कमी होतील असं काही लिहायला मालकाला मनाई आहे. यूएईतला हा कायदा खाजगी कंपन्यांतल्या कामगारांचा आहे. घरकामगारांचा कायदा वेगळा, तेव्हा घरात काम करणाऱ्या भगिनींनी हे कलम पुढे करू नये, त्याचा उपयोग होणार नाही.

म्हणजे कायद्याने हक्काचा आहे तो दाखला. तारखा, काम, पगार, कारण. कौतुक मागण्याचा हक्क कुणालाच नाही. ‘माझ्याबद्दल चांगलं लिहा’ अशी तक्रार मंत्रालयात घेऊन गेलात तर हात हलवत परत याल. पण ‘सावकाश’, ‘देखरेख लागते’, ‘ताकीद दिली’ हे त्याच दाखल्यात घुसडलं असेल तर ते काढून मागायला तुमच्याकडे कलम आहे.

मग फोरमनचं मत कुठे जाणार? दुसऱ्या कागदावर. शिफारसपत्र वेगळं असतं. ते कामगाराने मागितलं तर द्यायचं, त्याला दाखवून द्यायचं, आणि लावायचं की नाही हे त्याने ठरवायचं. हे दोन कागद एकत्र केले की सगळा घोळ होतो. दाखल्यात मत शिरतं आणि शिफारशीत निव्वळ तारखा उरतात. ज्याने हे दोन वेगळे ठेवले त्याचं निम्मं काम तिथेच झालं.

आता त्या मजकुराकडे येऊ. ‘मध्यम दर्जाचा.’ कशाच्या मानाने मध्यम? त्या गँगमध्ये दोन बिहारी उस्ताद होते, त्यांच्या शेजारी कोणीही मध्यमच दिसला असता. पुढच्या कंपनीला ते उस्ताद दिसत नाहीत, तिला फक्त ‘मध्यम’ दिसतं. हा शब्द माणसाबद्दल काहीच सांगत नाही, लिहिणाऱ्याच्या तुलनेबद्दल सांगतो. त्याऐवजी तो काय लावतो ते लिहा. साठ बाय साठची पोर्सलेन फरशी तो नीट लावतो. सूत धरतो, स्पेसर सोडत नाही, दोन टाइलांमध्ये उंचसखल राहत नाही. इन्स्पेक्शनला काठीने ठोकून बघितलं तर त्याच्या खोल्यांत पोकळ आवाजाच्या टाइल क्वचित निघतात. बाथरूमचा ढाळ जाळीकडे बरोबर जातो. भिंतीच्या छोट्या टाइल आणि पाइपाभोवतीच्या खाचा तो स्वच्छ कापतो. हे सगळं खरं होतं आणि फोरमनच्या पत्रात यातलं अक्षरही नव्हतं, कारण त्याला ते इतकं सवयीचं झालं होतं की त्याला ते दिसेनासंच झालं होतं. पोकळ टाइल निघाली की आपण आठ दिवस बोंबलतो. न निघालेल्या टाइलबद्दल कोण बोलतो?

‘सावकाश काम करतो.’ किती सावकाश? त्या साइटवर एका हेल्परसह दिवसाला पंधरा चौरस मीटरचं टार्गेट होतं. हा बारा-तेरावर असायचा. पण त्याचं काम फोडून पुन्हा करावं लागल्याचं उदाहरण जवळजवळ नव्हतं, आणि पंधरा करणाऱ्यांपैकी एकाच्या तीन खोल्या उखडाव्या लागल्या होत्या. उखडलेल्या टाइलची किंमत, चिकटवायचा माल, दोन दिवसांची मजुरी धरली तर ‘फास्ट’ कोण ठरला? तरीही मी वेग लपवा म्हणत नाही. तो पंधरा लावतो असं लिहिलं तर तो पहिल्याच आठवड्यात खोटा पडेल, आणि पत्र लिहिणारा फोरमनही. आकडा द्या. ‘साठ बाय साठच्या फरशीत एका हेल्परसह दिवसाला साधारण बारा-तेरा चौरस मीटर, आणि पुन्हा करावं लागणारं काम फार थोडं.’ ज्या साइटला वेग हवा ती त्याला घेणार नाही, आणि तसं झालेलंच बरं. जिला नीट काम हवं ती घेईल. चुकीच्या साइटवर गेलेला माणूस प्रोबेशनमध्येच परत पाठवला जातो, आणि तेव्हा विमानाचं तिकीट, एजंटचं कर्ज आणि घरचे प्रश्न सगळे त्याच्याच डोक्यावर असतात. खोटं कौतुक माणसाला असं मारतं. ते करणाऱ्याला वाटतं आपण उपकार केले.

‘देखरेखीची गरज लागते.’ हे वाक्य मी सर्वांत जास्त वेळा वाचलं आहे आणि सर्वांत जास्त चीड त्याचीच येते. वाचणाऱ्याला वाटतं, माणूस पाठ फिरली की सिगारेट पेटवतो. प्रत्यक्षात गोष्ट एवढीच होती की याला ड्रॉइंग वाचता येत नाही. खोलीत पहिली ओळ कुठून सुरू करायची, कापलेला तुकडा कुठल्या कोपऱ्यात न्यायचा, ही आखणी चार्जहँडने करून द्यावी लागते. एकदा पहिली ओळ पडली, गुण्या लागला की संध्याकाळपर्यंत कुणी फिरकलं नाही तरी चालतं. तर तसं लिहा: ‘आखणी करून दिल्यावर पूर्ण खोली स्वतंत्रपणे करतो. ड्रॉइंगवरून स्वतः आखणी करण्याचं काम त्याने आमच्याकडे केलेलं नाही.’ बघा, मर्यादा लपवलेली नाही. उलट आधीच्यापेक्षा जास्त स्पष्ट सांगितली आहे. फक्त ती कामाबद्दल आहे, माणसाच्या नियतीबद्दल नाही. पुढच्या फोरमनला यातून कळतं की याला एक चार्जहँड हवा, आणि तो बहुतेक साइटवर असतोच.

साठ बाय एकशेवीसच्या मोठ्या टाइलचंही तसंच. त्यांना मागूनही माल लावावा लागतो, लेव्हलिंग क्लिपा लागतात, उचलायला दोघं लागतात. याने ते काम हेल्पर म्हणून केलं होतं, मेसन म्हणून नाही. तेवढंच लिहायचं. ‘मोठ्या टाइल जमत नाहीत’ असं लिहिणं खोटं आहे, कारण कुणी त्याला लावायला दिल्याच नाहीत. न दिलेल्या संधीला नापास म्हणायचं नसतं. फोरमन लोक हे सर्रास करतात.

आता ती ताकीद. सहा वर्षांत एक. चौथ्या वर्षी, एका आठवड्यात दोनदा बस चुकली म्हणून. त्यानंतर दोन वर्षं कोरी. हे पत्रात येता कामा नये. चूक झाकायची म्हणून नाही, तर सहा वर्षांचं पत्र सहा वर्षांबद्दल असावं लागतं म्हणून. एक घटना लिहिली की वाचणारा तिलाच सवय समजतो, पत्राचा तोलच जातो. हाच माणूस दर महिन्याला चार दिवस उशिरा येत असता तर गोष्ट वेगळी होती. तेव्हा हजेरीचं कौतुक करणारं वाक्य गाळायचं. जे खरं नाही ते लिहायचं नाही, तेवढा प्रामाणिकपणा पुरतो. हजेरीबद्दल पत्र गप्प असेल तर जाणता फोरमन ते ओळखतो आणि विचारतो. इथे मात्र हजेरी खरोखर चांगली होती आणि टाइमशीट समोर होती. मग ‘समाधानकारक’ हा मेलेला शब्द कशाला?

आणि एक गोष्ट जी त्या फोरमनने लिहिली नाही, पण जी मला त्या मजकुरामागे दिसते. या माणसाने ओव्हरटाइमच्या तासांवरून दोनदा तक्रार केली होती, आणि दोन्ही वेळा तास त्याच्या बाजूने निघाले. हक्काचे पैसे मागणाऱ्याला निघताना ‘अॅव्हरेज’ करून टाकायचं, ही आपल्याकडची जुनी खोड आहे. मुदीर तसं सांगत नाही, त्याला सांगावंच लागत नाही. आपण आपणहून करतो. पत्र लिहायला बसताना स्वतःला एवढं विचारा, की याने तक्रार केली नसती तर मी हेच शब्द लिहिले असते का?

तर तेच पत्र नव्याने लिहिलं की असं होतं. जाताना ते इंग्रजीतच जातं, इथे आपल्या भाषेत देतो:

‘हे सहा वर्षं आमच्याकडे टाइलच्या कामावर होते, पहिली दोन वर्षं हेल्पर आणि नंतरची चार वर्षं टाइल मेसन म्हणून. मी त्यापैकी तीन वर्षं त्यांचा फोरमन होतो. साठ बाय साठची पोर्सलेन फरशी, बाथरूमची फरशी आणि भिंतीच्या सिरॅमिक टाइल ही त्यांची मुख्य कामं. एका हेल्परसह ते दिवसाला साधारण बारा-तेरा चौरस मीटर फरशी लावतात आणि त्यांचं काम पुन्हा करावं लागण्याची वेळ क्वचितच आली. आखणी करून दिल्यावर ते पूर्ण खोली स्वतंत्रपणे करतात. ड्रॉइंगवरून आखणी आणि साठ बाय एकशेवीसच्या टाइलचं मेसन म्हणून काम त्यांनी आमच्याकडे केलेलं नाही; मोठ्या टाइलच्या कामात त्यांनी हेल्पर म्हणून भाग घेतला आहे. हजेरी नियमित होती. नव्या हेल्परांना स्पेसर आणि ग्राउटचं काम ते शिकवत असत. प्रकल्प संपल्यामुळे करार संपला. नेहमीच्या फरशीकामासाठी मी त्यांना पुन्हा घेईन.’

शेवटचं वाक्य खरं असेल तरच लिहायचं. मी त्या फोरमनला विचारलं, उद्या गँग उभी करायची तर याला घेशील? म्हणाला, घेईन की, डोक्याला ताप नाही त्याचा. मग मागच्या पत्रात हे का नव्हतं? ‘पुन्हा घेईन’ या दोन शब्दांना जेवढं वजन आहे तेवढं पानभर ‘सिन्सिअर अँड हार्डवर्किंग’ला नाही, हे आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. तरी आपण ते लिहायला कचरतो, कारण त्यात आपलं नाव अडकतं.

काही जण म्हणतील, एवढं खरं लिहिलं तर माणसाला काम कोण देणार? इतर सगळ्यांच्या पत्रात स्वर्ग आहे, याच्याच पत्रात ‘आखणी केलेली नाही’. शंका खोटी नाही. जिथे पत्राचा ढीग न वाचता फक्त शिक्के मोजतात, तिथे या पत्राने फायदा होणार नाही. तोटाही होणार नाही, कारण वाचतच नाहीत. पण जिथे फोरमन स्वतः वाचतो, तिथे बारा-तेराचा आकडा बघून तो थबकतो. ज्या पत्रात एक मर्यादा सांगितली आहे त्यातली बाकीची वाक्यं तो खरी मानतो. आणि ज्याला तरीही धोका वाटतो त्याने शिफारसपत्र लावू नये, नुसता दाखला लावावा. म्हणूनच दोन कागद वेगळे हवेत.

कामगार भावांसाठी थोडं. दाखला हिसाबाच्या आधी मागा, आणि तोंडी मागू नका. ईमेल किंवा व्हॉट्सअॅपवर एक ओळ पुरे: ‘माझा करार अमुक तारखेला संपतो आहे, अनुभवपत्र द्यावे.’ आलेला कागद सही करून घेण्याआधी वाचा, वाचता येत नसेल तर खोलीतल्या पोराकडून वाचून घ्या. तारखा कराराशी जुळतात का, शेवटचा पगार बरोबर आहे का, कारण काय लिहिलं आहे. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे हुद्दा. आपल्यातल्या कितीतरी जणांच्या बतक्यावर ‘हेल्पर’ किंवा ‘कन्स्ट्रक्शन वर्कर’ असतं आणि काम वर्षानुवर्षं मेसनचं असतं. दाखल्यावर हेल्पर आलं की पुढची कंपनी हेल्परचाच पगार लावते. कायद्यात ‘हुद्दा किंवा केलेल्या कामाचा प्रकार’ असं आहे. तेव्हा बतक्यावरचा हुद्दा बदलून मागू नका, त्यावर कंपनी अडून बसेल. ‘केलेलं काम: फरशी व भिंतीच्या टाइल लावणे’ एवढी ओळ वाढवून मागा. दाखला देतच नसतील किंवा त्यासाठी पैसे मागत असतील तर मंत्रालयाचा नंबर ६००५९०००० आहे, आणि तुमचा व्हॉट्सअॅपचा मेसेज हा तिथला पुरावा.

आणि दुकानात शे-दोनशे दिरहमला मिळणारं बनावट पत्र घेऊ नका. खोट्या शिक्क्याचा कागद वापरणं हा इथे गुन्हा आहे, आणि पकडला जातो तो दुकानदार नाही, तुम्ही.

राहिला फोन. नवी कंपनी कागद वाचून झाला की फोरमनला फोन करते, आणि खरं पत्र तिथे लिहिलं जातं. ‘तो ना? हां… ठीक आहे, बघा तुम्ही.’ या एका ‘हां’च्या नंतर जो थांबा येतो त्याने मी दोन माणसांच्या नोकऱ्या गेलेल्या पाहिल्या आहेत, आणि दोघांबद्दल कागदावर छानच लिहिलं होतं. फोरमन मंडळींनी पत्राचा फोटो आपल्या मोबाइलमध्ये ठेवावा. फोन आला की तो उघडून तेच सांगावं, त्याच क्रमाने: काय लावतो, किती लावतो, काय केलेलं नाही, पुन्हा घेईन. समोरच्याने ‘स्वभावाने कसा आहे’ विचारलं तर ‘माझ्याकडे भांडण नव्हतं’ एवढं पुरे. ओव्हरटाइमच्या तक्रारीबद्दल विचारलं तर, ‘तास बरोबर होते, पैसे दिले.’